आखाजीच्या आधीचे दिवस: नैतिक पेचावरचा निबंध पायरीपायरीने

प्रश्न: मॅडम, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एफवायबीएला आहे. तत्त्वज्ञानाच्या असाइनमेंटला हजार शब्दांचा निबंध आहे. प्रसंग असा दिलाय: "तुमच्या सोळा वर्षांच्या मैत्रिणीचं लग्न घरच्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवलं आहे. ती तुम्हाला शपथ घालून हे सांगते आणि म्हणते, कुणाला सांगू नको. तुम्ही काय कराल? नैतिक विश्लेषण करा." मागच्या निबंधावर मला "मत आहे, विश्लेषण नाही" असा शेरा आला. मी तर दोन्ही बाजू लिहिल्या होत्या, कान्ट आणि मिलसुद्धा लिहिले होते. मग विश्लेषण म्हणजे काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

आधी त्या शेऱ्याचा अर्थ. तुझा निकाल चुकला असं सरांचं म्हणणं नसावं. तो निकाल कशावर उभा आहे ते त्यांना कागदावर सापडलं नाही. मी बावीस वर्षं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवते आहे, आणि असे निबंध तपासताना एकच गोष्ट शोधते: कोणती वस्तुस्थिती बदलली असती तर या मुलाचं उत्तर बदललं असतं? ते निबंधात दिसलं की विश्लेषण झालं. कितीही तथ्यं बदलली तरी उत्तर तेच राहणार असेल, तर ते उत्तर लिहायला बसण्याआधीच ठरलेलं होतं.

पहिली पायरी म्हणजे प्रश्न एका वाक्यात बांधणं. या प्रसंगावरचे निम्मे निबंध "बालविवाह ही समाजाला लागलेली कीड आहे" अशा ओळीने सुरू होतात आणि तिथेच वाट सोडतात. बालविवाह चांगला की वाईट हे तुला कुणी विचारलेलंच नाही. प्रश्न मैत्रिणीने तुला घातलेल्या शपथेचा आहे. म्हणून कर्ता कोण, त्याच्या हातात काय आहे आणि कशाच्या आड काय येतंय, हे तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे. मी असं लिहीन: "मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं गुपित तिच्या भल्यासाठी, पण तिच्या इच्छेविरुद्ध फोडणं योग्य आहे का; आणि असेल तर कधी, कुणाजवळ?" शेवटचे "कधी, कुणाजवळ" हे शब्द विसरू नकोस. पुढे पेच सुटतो तो बराचसा तिथेच सुटतो.

या वाक्यावर थोडं थांबायला हवं, कारण त्यात एक बारीक गाठ आहे. आन घालणं आणि वचन देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "कोणले सांगू नको, तुले मन्ही आन शे" असं ती म्हणाली, तेव्हा तू "नाही सांगणार" म्हणालास का? की नुसता गप्प राहिलास? वचन देणारा स्वतःला बांधून घेतो. आन मात्र दुसरा आपल्यावर घालतो, आपल्याला विचारूनही घेत नाही. पण आपल्याकडे आन घातल्यावर गप्प राहणं म्हणजे ती मानणं, असाच समज आहे. तुझं मौन ऐकून ती निर्धास्त झाली असेल, तर त्या निर्धास्तपणाची जबाबदारी थोडीतरी तुझ्याकडे येते. हा फरक चार ओळींत लिहिलास तर परीक्षकाला कळतं की तू प्रसंग खरोखर वाचला आहेस. या बंधनाचं वजन किती हेही त्यातूनच ठरतं: पूर्ण वचनाइतकं नाही, पण शून्यही नाही.

दुसरी पायरी, हा खरा पेच आहे का ते पाहणं. कर्तव्यासमोर कर्तव्य उभं असेल तर पेच. कर्तव्यासमोर भीती किंवा सोय उभी असेल तर तो मोह, आणि त्याचं उत्तर कठीण असलं तरी अस्पष्ट नसतं. "सांगितलं तर गावात माझ्याशी कुणी बोलणार नाही" हे न सांगण्याचं नैतिक कारण नाही, ती तुला मोजावी लागणारी किंमत आहे. ती निबंधात जरूर लिही, पण वेगळ्या खात्यात.

इथे आपल्या भागातलं एक उदाहरण देते. समजा तुझे वडील तिच्या काकांच्या शेतात सालदार आहेत. सालदाराचं साल आखाजीलाच संपतं आणि नवा करारही तेव्हाच होतो. तू तोंड उघडलंस आणि काकांनी वडिलांना पुढच्या सालाला नाही म्हटलं, तर नुकसान एकट्या तुझं होत नाही. घरातल्यांविषयीचं तुझं कर्तव्य मध्ये येतं, आणि जी आत्तापर्यंत नुसती भीती होती तिच्यात नैतिक वजन शिरतं. मात्र ही माहिती तुला दिलेल्या प्रसंगात नाही. त्यामुळे ती "समजा" म्हणूनच वापर. प्रसंगात नसलेली गोष्ट आहे म्हणून घुसवणं हा या निबंधातला सगळ्यात मोठा दोष. मुलीचे वडील दारुडे आहेत, नवरा चाळीस वर्षांचा आहे, असं मुलं बिनदिक्कत लिहितात. तसं केलं की पेच सोपा होतो, आणि सोपा पेच सोडवायला तुला कुणी सांगितलेलं नाही.

आता तिसरी पायरी, तथ्यांची. हिला सर्वात जास्त वेळ दे. कच्च्या कागदावर तीन रकाने कर: जे दिलं आहे, जे दिलेलं नाही पण शोधता येतं, आणि जे फक्त तिलाच ठाऊक आहे.

दिलेलं थोडंच आहे: वय सोळा, मुहूर्त आखाजीचा, लग्न घरच्यांनी ठरवलेलं, आणि शपथ.

शोधता येतं ते कायद्याचं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचं वय अठरा किंवा मुलाचं एकवीस पूर्ण नसेल तर तो बालविवाह. लग्न लावणारे आणि ठरवणारे, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. फक्त लग्न ठरवणाऱ्या किंवा होऊ देणाऱ्या स्त्रियांना या कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा नाही. लग्न व्हायच्या आधी न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. आपल्याकडे गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे जबाबदारी असते. १०९८ या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: असं लग्न झालंच, तर लहान वयात लग्न झालेली व्यक्ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकते.

एवढं लिहून बहुतेक जण थांबतात: "कायद्याने गुन्हा आहे, म्हणून सांगावं." हे विश्लेषण नव्हे. कायदा इथे तथ्याच्या रकान्यात आहे, निकालाच्या नाही. लग्न लावणाऱ्यांनी काय करू नये ते तो सांगतो. ज्याला शपथ घातली आहे त्या मित्राने काय करावं हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. तरी त्याचा उपयोग मोठा आहे. नाव गुप्त राहतं हे कळल्यावर तुझी किंमत कमी होते. मनाई हुकूम आधी मिळतो हे कळल्यावर वेळेला वजन येतं.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिला हे लग्न हवं आहे का? प्रसंग पुन्हा वाच. ती "सांगू नको" म्हणते, एवढंच त्यात आहे. "मला लग्न करायचंय" असं ती कुठेही म्हणत नाही. या दोन वाक्यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक निबंधात होते. ती गप्प राहायला सांगते त्यामागे निदान तीन कारणं असू शकतात. तिला लग्न मान्य आहे. किंवा मान्य नाही, पण बापाची पंचक्रोशीत मान खाली जाईल याची धास्ती आहे. किंवा आता काहीच होऊ शकत नाही अशी तिची खात्री झाली आहे, आणि तिला फक्त कुणाजवळ तरी रडून मोकळं व्हायचं होतं. तिसरं कारण खरं असेल तर तिचा आग्रह अपुऱ्या माहितीवर उभा आहे, आणि ती माहिती तिला देणं हे तुझं पहिलं काम ठरतं. दुसरं असेल तर ती शपथ तिने स्वतःसाठी घातलेलीच नाही, बापासाठी घातली आहे. ज्या अज्ञात गोष्टीवर निकाल फिरतो तिला मी वर्गात "बिजागरी" म्हणते. तुझ्या निबंधाची बिजागरी हीच, आणि ती निबंधात उघडपणे दाखव.

चौथ्या पायरीवर दोन्ही बाजू लिहायच्या, पण त्यातली जी तुला पटत नाही ती आधी आणि जास्त ताकदीने. तुझा कल सांगण्याकडे असणार, म्हणून गप्प राहण्याची बाजू घेऊ. "दिलेला शब्द पाळावा" हे तिचं दुबळं रूप. तिचं खरं बळ यात आहे: या मुलीबद्दलचे सगळे निर्णय आजवर दुसऱ्यांनी घेतले. शाळा कुठली, शिकायचं कुठवर, लग्न कधी, कुणाशी. कुणाला सांगायचं हा एकच निर्णय तिने स्वतः घेतला आणि तुला निवडलं. तू तो परस्पर मोडलास, तर तिला न विचारता तिच्याबद्दल ठरवणाऱ्यांच्या रांगेत तूही जाऊन उभा राहतोस, हेतू कितीही चांगला असला तरी. शिवाय उद्या तिच्यावर काही बेतलं तर ती कुणाजवळ बोलेल? ही बाजू वाचून वाचणाऱ्याला क्षणभर "खरंच, सांगू नये" असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर ती बाजू अजून लिहून झालेली नाही.

सांगण्याच्या बाजूचं बळ, जे होणार आहे ते पुसता येत नाही यात आहे. कोर्टात लग्न रद्द करता येतं, हे कागदावर खरं. पण सुटलेली अकरावी, लहान वयातलं बाळंतपण आणि माहेर-सासर दोन्हीकडे तुटलेली नाती कोणत्याही हुकुमाने परत येत नाहीत. आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणण्याचा सण, आणि त्याच दिवशी हिचं माहेर सुटणार. मला स्वतःला हे फार लागतं. तरी निबंधात अशी ओळ एकदाच यावी. एकीकडे मोडलेला विश्वास आहे, जो पुष्कळदा काळाने सांधतो. दुसरीकडे अशी हानी आहे जी सांधत नाही. परत फिरता येणं आणि न येणं, हा तुलनेचा ठोस निकष झाला. "जास्तीत जास्त सुख" असं मोघम लिहिण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगाचा आहे.

तत्त्ववेत्ते आणायचे ते इथे, आणि ज्याचं काम असेल त्यालाच. तुझ्या मागच्या निबंधात कान्टचा एक परिच्छेद आणि मिलचा एक परिच्छेद असणार. एक कसोटी लावून बघ: तो परिच्छेद उचलून गर्भपातावरच्या किंवा कॉपीवरच्या निबंधात जसाच्या तसा ठेवता येतो का? येत असेल तर तो इथे काहीच करत नव्हता. या पेचाला मला सर्वात जवळचा वाटतो तो डब्ल्यू. डी. रॉस. १९३० साली त्याने प्रथमदर्शनी कर्तव्यांची कल्पना मांडली: वचन पाळणं, इजा न करणं, भलं करणं ही सगळी खरी कर्तव्यं आहेत, पण एकही निरपवाद नाही, आणि प्रसंगात कोणतं भारी ते प्रसंग पाहूनच ठरवावं लागतं. आपला पेच नेमका याच घडणीचा आहे.

कान्टला आणायचंच असेल तर १७९७ चा तो छोटा लेख आण, ज्यात तो म्हणतो की घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारणाऱ्या खुन्याशीही खोटं बोलू नये. त्याच्यासमोर महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक उभा कर. सत्य बोलण्याचं व्रत घेतलेल्या या तपस्व्याने, जीव वाचवायला रानात लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरीखरी सांगितली. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतात ती योग्य वेळी: प्रतिज्ञेला जागायचं म्हणून अर्जुन युधिष्ठिरावरच शस्त्र उचलायला निघालेला असतो तेव्हा. पण एक सावधगिरी बाळग. कौशिकाची चूक बोलण्यात होती, तुझ्या पेचात हानी गप्प राहण्यात आहे. दोघांत समान आहे ती एकच गोष्ट: व्रताकडे बघताना ज्याच्यावर परिणाम होणार तो माणूस नजरेतून सुटणं. साम्य कुठे संपतं हे तू स्वतः लिहिलंस की दाखला सजावट राहत नाही.

पाचवी पायरी तिसऱ्या वाटेची. "मी तिच्या वडिलांना समजावीन आणि ते ऐकतील" ही तिसरी वाट नव्हे, ती पेचातून पळवाट. खरी तिसरी वाट तीच, जी फसली तर पुढे काय करणार हेही सांगते. इथे ती काळात मांडता येते. एका विद्यार्थिनीने याच विषयावर लिहिलं होतं, "पहिले दोन दिवस मी गप्प राहीन, पण ते दोन दिवस तिच्यासाठी वापरीन." तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते, कारण पुढे तिने ते दोन दिवस मांडून दाखवले. समजा आखाजीला बारा दिवस आहेत. पहिल्या दिवशी परत तिच्याकडेच जायचं: तुला हवंय का हे, असं सरळ विचारायचं, आणि कायदा काय देतो ते सांगायचं. त्याच वेळी स्वतःची मर्यादाही सांगून टाकायची, "तुझी आन मी किती दिवस पाळू शकेन ते मला माहीत नाही." हे वाक्य फार महत्त्वाचं. गुपित फोडणं वेगळं आणि पाठीमागून फोडणं वेगळं. दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्या विश्वासातलं एखादं मोठं माणूस तिनेच निवडावं: मामा, मोठी बहीण, शाळेतल्या बाई. ती तयार झाली तर पेच जवळजवळ मिटला, कारण आता तूच नाही, तीही बोलते आहे. नाही झाली, तर तिसऱ्या दिवशी १०९८. अधिकाऱ्यांना घरी जाऊन बोलायला, गरज पडली तर मनाई हुकूम मिळवायला दिवस लागतात, म्हणून ही मुदत आखाजीच्या आदल्या रात्रीवर ढकलता येत नाही. मुदत आकड्यात का हवी तेही यातून कळतं.

सहाव्या पायरीवर निकाल लिही आणि लगेच तो हलवून बघ. एकेक तथ्य बदल. बारा दिवसांऐवजी एकच रात्र उरली असेल तर? मग तिला निवडीसाठी वेळ देण्याची पायरी गळते आणि फोन आधी येतो. ती म्हणाली, "मला हे लग्न हवंय," तर? सोळाव्या वर्षाची संमती पुरेशी का नाही हे तुला आता स्वतंत्रपणे दाखवावं लागेल, आणि तुझी बाजू आधीपेक्षा अवघड होईल. तसं मान्य कर. ती अठरा पूर्ण असून स्वतः राजी असेल तर? मग उत्तर उलटं फिरतं, शपथ भारी होते. या तीन ओळींत तुझा निकाल कोणत्या खांबांवर उभा आहे ते उघडं पडतं. तुझ्या मागच्या निबंधात हेच नसावं, असा माझा कयास आहे.

सातवी आणि शेवटची पायरी मुलं हमखास गाळतात: जे कर्तव्य मागे पडलं त्याचं काय? सांगण्याचा निकाल बरोबर असला तरी तिचा विश्वास मोडला हे खोटं ठरत नाही. रॉसच्या मांडणीतही दुबळं ठरलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही. मोडलेल्या शब्दाची भरपाई करण्याचं नवं कर्तव्य ते मागे ठेवतं. म्हणून लिही: तिला मी स्वतः जाऊन सांगेन की मी सांगितलं, ती बोलली नाही तरी तिचं कॉलेज सुटू नये म्हणून माझ्याने होईल ते करीन. "मी योग्य केलं, मला पश्चात्ताप नाही" अशा ओळीने संपलेल्या निबंधात पेच पेच म्हणून कळलेलाच नसतो. आणि "शेवटी प्रत्येकाने आपापल्या विवेकानुसार ठरवावं" या ओळीने संपलेल्यात निकालच नसतो.

हजार शब्दांची वाटणी मी साधारण अशी करीन: प्रश्न आणि शपथेची गाठ यांना दीडशे, तथ्यं आणि बिजागरीला अडीचशे, दोन्ही बाजूंना तीनशे, तिसरी वाट, निकाल आणि तथ्यं बदलून पाहणं यांना दोनशे, मागे उरलेल्या कर्तव्याला शंभर. प्रस्तावना लिहू नकोस, पहिलं वाक्य प्रश्नाचंच असू दे. आणि लिहायला बसण्याआधी तीन रकाने हातानेच भर. तिसरा रकाना कोरा राहिला तर लेखणी खाली ठेव आणि प्रसंग पुन्हा वाच.

हे सगळं निबंधापुरतं. पण अशी शपथ तुला खरोखरच कुणी घातली असेल आणि प्रश्न विचारायला असाइनमेंट हे निमित्त असेल, तर रकाने भरत बसू नकोस. आज तिच्याशी बोल, आणि आजच १०९८ ला फोन कर. तो नंबर रात्रीही लागतो, आणि पैसे पडत नाहीत.